रात्री दीडला उठणं: कंबरेची गोळी, क्वार्टर आणि पडणं

दुकानातली गर्दी ओसरली की माणूस काउंटरवर कोपर टेकतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "ह्या गोळीवर थोडी चालते काय?" खानापूरच्या बाजूला औषधाचं दुकान चालवताना हा प्रश्न मी हजारदा ऐकलाय. विचारणारा बहुतेक वेळा उत्तर ठरवूनच आलेला असतो. "दारू साडेसातला, जेवण नऊला, गोळी दहाला. अंतर ठेवूलालोय की मी!"

हे अंतर काही उपयोगाचं नाही, आणि का नाही ते मला या लेखात नीट सांगायचंय. कंबर, मान किंवा स्नायू आखडल्यावर मिळणाऱ्या गोळ्या आणि नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेंटिन, प्रीगॅबालिनसारख्या गोळ्या दारूबरोबर शरीरात एकत्र आल्या की गुंगी वाढते, तोल जातो, आणि माणूस बहुतेक वेळा रात्री लघवीला उठतानाच पडतो. साठीच्या पुढचा माणूस असेल तर त्या एका पडण्यात खुब्याचं हाड मोडू शकतं. माझ्या बायकोच्या मामांचं तसंच झालं, म्हणून त्यांचीच रात्र घेऊन सांगतो.

आधी गोळी ओळखा

मामा चौसष्ट वर्षांचे, वजन पंचावन्न किलोच्या आसपास. घरी भात आणि थोडा ऊस. कंबरेतून डाव्या पायात कळ जायची, पोटरीत मुंग्या यायच्या. बेळगावात एमआरआय झाला, मणक्यात नस दबलीय म्हणून सांगितलं. रात्री झोपताना घ्यायला दोन गोळ्या मिळाल्या, गॅबापेंटिन ३०० मिलिग्रॅम आणि टिझानिडिन २ मिलिग्रॅम. रक्तदाबाची गोळी आधीपासून चालू होती, तीही ते रात्रीच घ्यायचे.

घरात कुणालाच या गोळ्यांची नावं ठाऊक नव्हती. "एक पिवळी कॅप्सूल आणि एक बारीक पांढरी" एवढीच ओळख. यात माझ्या धंद्याचाही दोष आहे. आम्ही पट्टीतून चार-सहा गोळ्या कापून देतो, आणि नाव छापलेला तुकडा दुकानातच राहतो. गावातले काही डॉक्टर तर सुट्या गोळ्यांची पुडी बांधून देतात. म्हणून औषध घेताना दुकानदाराला पाकिटावर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहायला लावा. मूळ नाव म्हणजे कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात असतं ते. नाही तर पूर्ण पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नावं दोन गटांतली शोधायची. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांत टिझानिडिन, बॅक्लोफेन, थायोकोल्चिकोसाइड, क्लोरझॉक्साझोन आणि मेथोकार्बामॉल ही नावं येतात. नसांच्या गोळ्यांत गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही दोन मुख्य.

फसगत होते ती मिश्र गोळीत. "साधी दुखण्याची गोळी" म्हणून जी मिळते तिच्यात पुष्कळदा ॲसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलबरोबर थायोकोल्चिकोसाइड किंवा क्लोरझॉक्साझोन मिसळलेलं असतं. पट्टीवरच्या नावापुढे एमआर अशी अक्षरं दिसली तर बहुतेक वेळा आत स्नायू सैल करणारं औषध असतं. नसांच्या गोळीतही तसंच होतं. "नसांसाठी जीवनसत्त्वाची गोळी" म्हणून जी घेतली जाते तिच्यात मिथाइलकोबालामिनच्या जोडीला गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन असू शकतं. नावापुढे एनटी असेल तर बहुधा नॉर्ट्रिप्टिलिन असतं, आणि तेही गुंगी आणणारंच. माणूस जीवनसत्त्व समजून गोळी घेतो आणि त्यावर दारूचं एक पाकीट फोडतो. त्याला आपलं काही चुकतंय असं वाटायचं कारणच नसतं.

आपल्या भागात एका घरातली औषधं एकाच ठिकाणची नसतात, ही आणखी एक अडचण. मणक्याची बेळगावची, साखरेची मिरजेची, प्रोस्टेटची कोल्हापूरची, आणि सर्दी झाली म्हणून गावातल्या दुकानातून घेतलेली वेगळीच. सर्दीच्या गोळीतही झापड आणणारं औषध असतं, आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्या उठल्यावर रक्तदाब खाली आणतात. कोणत्याच डॉक्टरसमोर पूर्ण यादी येत नाही. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घाला आणि ती पिशवी एका तरी माणसापुढे उघडा, डॉक्टरपुढे किंवा माझ्यासारख्या दुकानदारापुढे.

मग दारू मोजा

"थोडी" हे माप नव्हे. आपल्याकडे मिळणारी व्हिस्की, रम, ब्रँडी साधारण ४२.८ टक्के असते. त्या हिशेबाने ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. नाईंटीच्या पाकिटात ३० ग्रॅम, क्वार्टरमध्ये म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये ६० ग्रॅम. गोव्याहून आणलेली फेणी बहुधा तेवढीच कडक असते. साध्या बियरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत जवळपास २५ ग्रॅम, स्ट्राँग बियरमध्ये ४० ग्रॅम. म्हणजे "मी बियरच घेतली" म्हणणाऱ्याने नाईंटीपेक्षा जास्तही घेतलेली असू शकते. हातभट्टीचा हिशेब करता येत नाही, तेव्हा ती जास्तच धरायची.

यकृत दर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क साफ करतं. वय झालेल्या, हडकुळ्या माणसासाठी खालचा आकडा धरावा. लिंबूपाणी, कडक चहा, थंड पाण्याची आंघोळ, भरपेट जेवण, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही. जेवणाने दारू सावकाश चढते, उतरत मात्र आपल्याच वेगाने.

आता रात्र कागदावर मांडा

मामांची ती जुलैची रात्र मी नंतर मामींना विचारून लिहून काढली.

साडेसात ते साडेआठ या तासात त्यांनी एक क्वार्टर संपवली. ६० ग्रॅम. तासाला साडेसात ग्रॅम साफ होते असं धरलं तरी आठ तास लागतात, म्हणजे पहाटे चारच्या सुमारास शरीर मोकळं होणार.

नऊला जेवण, दहाला तिन्ही गोळ्या. टिझानिडिन घेतल्यावर एक-दीड तासात रक्तात सगळ्यात जास्त असतं, म्हणजे साडेअकराच्या सुमारास. गॅबापेंटिनचा जोर दोन ते तीन तासांनी येतो, म्हणजे रात्री बारा ते एक. त्यानंतरही ते लवकर जात नाही. पाच ते सात तासांत निम्मं कमी होतं, आणि ते यकृतातून नाही तर मूत्रपिंडातून जातं. म्हातारपणी किंवा साखरेच्या जुन्या आजारात मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर ते त्याहून जास्त वेळ राहतं.

दारूने लघवी जास्त होते, त्यात प्रोस्टेट वाढलेलं. दीड वाजता त्यांना जाग आली. तेव्हा अंगात किती दारू उरली होती? पहिला घोट घेऊन सहा तास झाले होते, ४५ ग्रॅम गेली, १५ उरली. म्हणजे नुकताच दीड पेग घेतल्यासारखी स्थिती, वर गॅबापेंटिन भर जोरात, टिझानिडिन अजून बाकी आणि रक्तदाबाची गोळीही काम करतेय. दारू आणि गोळीत जे अडीच तासांचं अंतर त्यांनी हिशेबाने ठेवलं होतं, त्याने सगळा भार बरोबर लघवीला उठायच्या वेळेवर आणून ठेवला.

अंतराच्या हिशेबात चूक इथे होते. माणूस गिळण्याच्या दोन वेळांमधलं अंतर मोजतो. शरीरात मात्र दारू आठ तास मुक्कामाला असते आणि गोळीही तितकीच किंवा जास्त. अंतर वाढवून दोघींची भेट टाळता येत नाही. गॅबापेंटिन दिवसातून तीनदा असेल तर ते रक्तात कायमच असतं, तेव्हा मोकळी वेळ शोधायचीही सोय नाही.

तुमच्या घरातल्या माणसाची रात्र अशीच मांडा. डाव्या बाजूला दारूची वेळ आणि ग्रॅम, मधे गोळीची वेळ, उजवीकडे लघवीला उठायची वेळ. पाच मिनिटांचं काम आहे. माझा अनुभव असा की समजावून सांगितल्याने न पटणारा माणूस स्वतःचीच रात्र कागदावर बघून गप्प होतो.

पडतो म्हणजे नेमकं काय होतं

दारू आणि या गोळ्या दोन्ही मेंदूचं काम मंद करतात, पण नुसती झोप येते एवढंच नाही. तोल सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग सुस्तावतो. पाऊल नेमकं कुठे पडलं याची खबर उशिरा पोचते, आणि पाय सरकला तर हात पुढे यायला जो क्षण लागतो तो लांबतो. तरणा माणूस सरकला तर हातावर पडतो, मनगटावर निभावतं. गुंगीतला म्हातारा हात न टेकता कुशीवर आदळतो, म्हणून खुबा मोडतो.

टिझानिडिनची त्यात आणखी एक खोड आहे. ते रक्तदाब उतरवतं, आणि दारूबरोबर घेतलं तर रक्तातलं त्याचं प्रमाणही काही अंशी वाढतं. झोपेतून एकदम उठून उभं राहिलं की रक्त पायाकडे ओढलं जातं, डोक्याला कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. मामींच्या सांगण्याप्रमाणे मामा खाटेवरून उठले, दार उघडलं, परसाच्या पायरीपर्यंत गेले आणि "काही दिसेना" म्हणाले. वीज होती, दिवाही लागला होता, म्हणजे ती अंधारी आतली होती. न्हाणी परसाच्या पलीकडे, मधे शहाबादी फरशी, तिच्यावर जुलैचा पाऊस आणि शेवाळ. खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना अधिक सांगायला नको.

"मला चढतच नाही" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रोज पिणाऱ्याला नशा जाणवणं कमी होतं हे खरं. पण न जाणवणं वेगळं आणि तोल, रक्तदाब शाबूत असणं वेगळं. उलट रोज पिणाऱ्याच्या पायाच्या नसा बऱ्याचदा आधीच बधिर झालेल्या असतात.

सगळ्यात नाजूक काळ म्हणजे गोळी सुरू केल्यावरचे पहिले काही दिवस आणि डोस वाढवल्यानंतरचे दिवस. चक्कर आणि झापड तेव्हा जास्त असते. मामांनी गोळ्या सुरू करून चौथा दिवस होता.

आज प्यायलीच आहे, तर रात्रीच्या गोळीचं काय?

हे आधीच डॉक्टरांना विचारून लिहून ठेवायचं, प्यायल्यावर ठरवायचं नाही. साधारण धोरण असं असतं. चार-आठ दिवसांसाठी दिलेली स्नायूची गोळी, टिझानिडिन २ मिलिग्रॅम किंवा थायोकोल्चिकोसाइड वगैरे, त्या रात्री गाळली तर दुखेल एवढंच. दुखणं सोसता येतं. कळेसाठी रात्री एकदाच घ्यायचं गॅबापेंटिन ३०० सुद्धा एखाद्या रात्री चुकलं तर बहुतेकांना धोका नसतो. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊन भरपाई मात्र करायची नाही.

याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. गॅबापेंटिन फिटसाठी चालू असेल तर एकही डोस चुकवायचा नाही. मोठ्या डोसमध्ये किंवा बरेच दिवस चालू असलेलं गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा बॅक्लोफेन मनाने एकदम बंद करायचं नाही, अचानक थांबवल्याने फिट येऊ शकते. बॅक्लोफेन थांबवल्याने भ्रमही होतो. टिझानिडिनही खूप दिवस मोठ्या डोसमध्ये असेल तर ते अचानक सोडल्याने रक्तदाब उसळतो. अशा माणसाला गोळी सोडण्याची मोकळीक नसते, तेव्हा दारूच बाजूला ठेवावी लागते.

आणि दारूचंही तसंच. रोज क्वार्टर किंवा जास्त पिणाऱ्याला घरच्यांनी "उद्यापासून बंद" म्हणून कोंडून घालू नका. मद्यार्काला सरावलेलं शरीर अचानक मोकळं झालं की पहिल्या दिवसात हात थरथरतात, घाम सुटतो, दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भास होऊन ते बरळू लागतात. ही वेळ दवाखान्यात काढायची असते. व्यसन सोडवताना डॉक्टर कधीकधी बॅक्लोफेन किंवा गॅबापेंटिनच वापरतात, त्यामुळे "दारुड्याला तीच गोळी दिली" म्हणून कुणी घाबरू नये. फक्त त्या गोळीवर परत दारू झाली तर धोका वर सांगितला तोच.

लग्नाची हळद, गावजत्रा, शिमगा, हे दिवस कॅलेंडरवर आधीच दिसतात. गोळ्या सुरू करायच्या असतील तर डॉक्टरांना सरळ सांगा, "पंधरा दिवसांनी गावात जत्रा आहे, मी घेणार." लाजू नका. डॉक्टर दुसरं औषध देतील किंवा त्या काळात पिऊ नका असं स्पष्ट सांगतील. न सांगितलं तर डॉक्टर तुम्हाला न पिणारा धरूनच डोस लिहिणार. कन्नड नीट येत नसेल तर मुलाला सोबत न्या, पण दारूची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगा. मुलासमोर माणसं माप निम्मं करून सांगतात.

उठण्याची वाट दुरुस्त करा

ऐकणारा माणूस भेटेलच असं नाही. मामींनी वीस वर्षं सांगून पाहिलं होतं. तेव्हा निदान रात्रीची वाट तरी बदलता येते.

पहिलं काम, रात्री न्हाणीपर्यंत जायची गरजच उरू नये. झाकणाचा लघवीचा डबा मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतो. खाटेच्या कडेला, हात पोचेल तिथे ठेवायचा आणि बसूनच वापरायचा. पुरुषांना हे कमीपणाचं वाटतं, मामांनाही वाटायचं. आता ते तोच डबा पाहुण्यांकडे जाताना पिशवीत घेऊन जातात.

दुसरं, उठायची पद्धत. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून बसायचं. दोन मिनिटं तसंच बसून पायाची पावलं वर-खाली करायची. मग खाटेला धरून उभं राहून थोडं थांबायचं, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर परत बसायचं. खाट फार उंच असेल, तर गुडघे काटकोनात येऊन पाय टेकतील इतकी खाली करायची.

तिसरं, जमीन. रात्रभर एक मंद दिवा, दारापाशी जाड दोरी किंवा पाइपचा आधार, शेवाळ घासून काढलेली फरशी, उंबऱ्यावरची चप्पल बाजूला. गुळगुळीत झालेली रबरी चप्पल ओल्या फरशीवर साबणासारखी सरकते. ती टाकून द्या.

शेतकऱ्यांच्या घरात आणखी एक वाट असते, आणि तिचा विचार कुणी करत नाही. थ्री फेज करंट रात्री येतो म्हणून माणूस अकरा-बाराला मोटार चालू करायला जातो. बांधावरून, अंधारात, विहिरीच्या कडेने, ओल्या हाताने स्टार्टरला हात लावायला. या गोळ्या आणि दारू दोन्ही पोटात असलेल्या माणसाला त्या रात्री मोटारीवर पाठवू नका. मोटार चालू करायला दुसरं कुणीतरी जाऊ दे, किंवा त्या रात्री पाणी राहू दे.

सकाळचीही काळजी घ्यावी लागते. सहाला दूध घालायला निघालेल्या माणसाच्या अंगात रात्रीच्या गॅबापेंटिनचा मोठा भाग अजून असतो. डोळे जड असतील, पाय जमिनीवर नीट टेकल्यासारखे वाटत नसतील, तर गाडीला किक मारू नये.

डॉक्टरकडे गेल्यावर रक्तदाब आडवं झोपवून आणि मग उभं करून, असा दोनदा मोजायला सांगा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उठताना पडायचा धोका दारू न घेताही आहे. मग रक्तदाबाच्या गोळीची वेळ किंवा डोस बदलावा लागतो.

पडलाच तर

मामा पडल्यावर शेजारच्या दोघांनी त्यांना काखेत धरून उभं करायचा प्रयत्न केला. माया होती, पण चुकलं. पडलेल्याला लगेच उठवायचं नाही. आधी पाय बघायचा. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, टाच जमिनीवरून उचलता येत नाही, जांघेत दुखतंय, ही खुबा मोडल्याची खूण. मग चोळायचं नाही, ओढायचं नाही, हाडवैद्याला बोलवायचं नाही. दोन्ही पायांच्या मधे उशी किंवा गुंडाळलेलं घोंगडं ठेवून पाय हलणार नाहीत असे हलके बांधायचे आणि १०८ ला फोन करायचा. गाडी दारापर्यंत येत नसेल तर फळीवर किंवा खाटेसकट न्यायचं. तोंडाने काही द्यायचं नाही, शस्त्रक्रिया लागू शकते.

दवाखान्यात लाज न धरता सांगायचं, कोणती गोळी किती वाजता आणि दारू किती. भूल देणाऱ्या डॉक्टरला ही माहिती लागते. मामींनी तेव्हा "नाही, घेत नाहीत" असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले तेव्हा खरं बाहेर आलं, आणि शस्त्रक्रिया एक दिवस पुढे गेली.

डोक्याला मार लागला असेल तर घरात सगळ्यात मोठी चूक होते ती "प्यायलाय, झोपू दे" म्हणण्याची. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं, बोलणं अडखळणं, हाका मारून जाग न येणं, यांतलं काहीही दिसलं तर ती दारू आहे की आत रक्तस्राव आहे हे घरी बसून ओळखता येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर एकही लक्षण नसताना दाखवायला न्यायचं. साठीच्या पुढे, नेमाने पिणाऱ्या माणसाच्या डोक्यात रक्त हळूहळूही साचतं. पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी चाल बिघडली, विसरायला लागला, सारखा झोपू लागला, तर ते पडणं डॉक्टरला आठवून सांगायचं.

न पडताही धोका असतो, तो झोपेतला. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन आणि दारू मिळून श्वास मंदावू शकतो, विशेषतः दमेकरी, फुप्फुसं खराब झालेले विडी ओढणारे आणि मूत्रपिंड कमजोर असलेले लोक यांच्यात. निपाणीच्या तंबाखूवर आयुष्य काढलेली कितीतरी घरं आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं. घोरणं नेहमीपेक्षा वेगळं, गुरगुरल्यासारखं येतंय, मधेच श्वास थांबतोय, ओठ निळसर दिसतायत, तर मोबाइलच्या घड्याळावर मिनिटभर श्वास मोजा. दहाच्या खाली असेल किंवा खांदा जोरात हलवूनही डोळे उघडत नसतील तर १०८. गाडी येईपर्यंत कुशीवर वळवून ठेवा म्हणजे उलटी झाली तर छातीत जाणार नाही, आणि जवळून हलू नका. तोंडात ताक, लिंबू ओतायचं नाही, घशात बोट घालून उलटी काढायची नाही.

मामांच्या खुब्यात आता रॉड आहे. काठीने चालतात. टिझानिडिन बंद झालं, गॅबापेंटिन शंभरचं केलं, रक्तदाबाची गोळी सकाळी नेली. दारू पूर्ण सुटलेली नाही, हे खरं तेच सांगतो. महिन्यातून एखाद्या रविवारी नाईंटी घेतात, त्या दिवशी रात्रीची कॅप्सूल मामी स्वतःच्या डब्यात ठेवून घेतात. तसं करायला त्यांनी डॉक्टरांना आधी विचारून घेतलंय. फळीवर औषधांच्या पिशवीशेजारी मी लिहून दिलेला कागद चिकटवलेला आहे. त्यावर गोळ्यांची नावं, मिलिग्रॅम, वेळा, आणि खाली मामींच्या हस्ताक्षरात एक ओळ आहे: "रात्री उठायचं झालं तर आधी मला हाक."